शौचाचा नमुना गावातून बेळगावच्या लॅबपर्यंत: डबी, वेळ आणि फ्रीजचा घोळ

मलप्रभाकाठ
वडिलांचं वय ६८. दहा दिवस झाले, पातळ संडास होतेय, दिवसाला पाच-सहा वेळा. आव पडते, मधूनच रक्ताचे धागे दिसतात. खानापूरच्या डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहिल्यात. एक साधी स्टूल तपासणी, तिचे तीन नमुने, आणि दुसरी कल्चर. लॅब बेळगावात. तिथून एक डबी आणली, पण "सकाळचं आणून द्या" यापलीकडे कुणी काही सांगितलं नाही.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं. वडील पहाटे ५ ला जातात. मग मोटारसायकलवरून जांबोटी, तिथून बस, म्हणजे लॅबच्या दारात पोचायला आठ तरी वाजणारच. शेजारी म्हणतात रात्रीच घेऊन फ्रीजमध्ये ठेव. मेव्हणा म्हणतो अजिबात ठेवू नको. कुणाचं ऐकू? डबी किती भरायची, तीन नमुने एकाच दिवशी चालतात का, तेही सांगा.

कडोलीचा_पोरगा
मलप्रभाकाठच्या माणसानं मलाबद्दल विचारायचं म्हणजे आयडीचं सार्थक झालं की ओ.

अण्णा_टिळकवाडी
सरळ गोष्ट आहे. कुठलाही नमुना थंड ठेवला की टिकतो. रात्री घ्या, झाकण घट्ट लावा, फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बर्फात घालून न्या. दूध टिकतं तसंच हे. आणि तीन दिवस आधीपासून मटण-मासे बंद करायला सांगा वडिलांना.

काचपट्टी
अण्णा, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण या माणसाच्या बाबतीत नेमकं चुकीचं अर्धंच लागू पडतंय.

फ्रीज चालतो तो घट्ट, बांधलेल्या शौचासाठी. त्यात जंतांची अंडी आणि अमिबाची सिस्ट असतात. ती कवचातली, चिवट असतात. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढली तरी दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर ओळखू येतात. पातळ, आव-रक्ताच्या शौचात आपण शोधतो तो जिवंत, हलणारा अमिबा. त्याला कवच नसतं. तो शरीराबाहेर आला की अर्ध्या तासात मंदावतो, गोल होतो, मग विरघळायला लागतो. फ्रीजमध्ये तर हालचाल लगेच थांबते. आणि हालचाल हीच तर त्याची खूण! थांबलेला अमिबा आणि पेशंटच्याच पांढऱ्या पेशी यात फरक करणं सरावलेल्या डोळ्यालाही जड जातं. मग रिपोर्टवर "काही आढळलं नाही" असं येतं आणि सगळे समजतात अमिबा नाही. नमुना मेलेला होता हे कागदावर कुठं दिसतं?

मोजायचं घड्याळ असं: पाण्यासारखं शौच अर्ध्या तासात बघायला हवं, मऊ पण आकार नसलेलं तासाभरात, घट्ट असेल तर त्याच दिवशी किंवा फ्रीजमधून दुसऱ्या दिवशी. मोजायचं शौच झाल्या मिनिटापासून, लॅबच्या काउंटरवर दिल्यापासून नाही. तुमचे ५ ते ८ म्हणजे तीन तास. हा नमुना काउंटरवर येतानाच वाया गेलेला असतो.

मलप्रभाकाठ
मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? पंख लावून येणार?

काचपट्टी
पंख नकोत. वडिलांनाच घेऊन या.

"सकाळचंच हवं" हा समज लघवीच्या तपासणीवरून आलाय. रात्रभर साठलेली लघवी दाट असते म्हणून तिथं सकाळची मागतात. शौचाला तसा नियम नाही, दिवसातलं कुठलंही चालतं. लॅब "सकाळी आणा" म्हणते ते मायक्रोस्कोपवरचा माणूस सकाळी जागेवर असतो म्हणून. वडिलांना दिवसाला पाच-सहा वेळा होतंय ना? मग पहाटे ५ चं सोडून द्या. पहिल्या बसनं दोघं या, लॅबजवळ पोचल्यावर गरम चहा-बिस्कीट द्या. पोटात काही पडलं की आतडं हलतं, बहुतेकांना पाऊण तासात जावं लागतं. लॅबच्याच संडासात डबीत घेऊन हातोहात द्या. फक्त आदल्या दिवशी फोन करून विचारा: संडास आहे का, आणि नमुना दिल्या दिल्या काचपट्टीवर घेणार का. काही ठिकाणी सगळे नमुने दुपारी एकदम बघतात. तसं असेल तर तुमची सगळी धावपळ त्यांच्या टेबलावर वाया जाईल.

हलशीची_सून
वयस्कर माणसाला जुलाब होत असताना दोन तास बसमध्ये बसवणं सोपं नसतं काका. वाटेत लागली तर? प्लॅस्टिक अंथरा, जादा लुंगी घ्या, ओआरएसचं पाणी बरोबर ठेवा. आणि त्यापेक्षा आधी खानापूरलाच विचारा, साधी काचपट्टी तिथं बघत असतील तर. जांबोटीहून खानापूर जवळ पडतं.

काचपट्टी
हे माझ्यापेक्षा चांगलं सुचवलंत, ताई. आव-रक्ताच्या शौचाची ओली काचपट्टी बघायला फक्त मायक्रोस्कोप, सलाईनचा थेंब आणि बघणारा माणूस लागतो. जवळचं ठिकाण आणि ताजा नमुना, हे लांबच्या मोठ्या लॅबमधल्या शिळ्या नमुन्यापेक्षा केव्हाही बरं.

गवळीबुवा
आमच्या म्हशीला पण पंधरा दिवस पातळ होतंय. शेण कुठल्या डबीत न्यायचं आणि फ्रीजमध्ये ठेवलं तर घरातली बोंबलतील काय?

कडोलीचा_पोरगा
घ्या. म्हैस पाण्यात.

सूक्ष्मजंतू
काचपट्टी यांनी अमिबाचं सांगितलं. कल्चरचा मार्ग वेगळा आहे, तो वेगळा मांडतो, नाहीतर मूळ प्रश्नातला घोळ तसाच राहील.

कल्चरमध्ये आपण जिवाणू वाढवतो, मुख्यतः शिगेला आणि साल्मोनेला. शौच उघड्यावर राहिलं की त्यातले नेहमीचे जिवाणू भराभर वाढतात आणि नमुना आंबत जातो. त्या आंबटपणात शिगेला सगळ्यात आधी मरतो, आणि आव-रक्त म्हटल्यावर आपल्याला हवा असतो तोच. म्हणून नुसत्या डबीतलं शौच दोन तासांच्या आत लॅबमध्ये पेरलं गेलं पाहिजे. ते जमणार नसेल तर लॅबकडून आधीच कॅरी-ब्लेअरची नळी मागून घ्या. आत जेलीसारखं घट्टसर काहीतरी असतं आणि सोबत कापसाची काडी येते. काडी शौचातल्या आव-रक्ताच्या भागात फिरवायची, जेलीत तळापर्यंत खुपसायची, काडी लांब असेल तर वरचं टोक मोडून झाकण लावायचं. ही नळी मात्र थंड ठेवायची. २४ तासांत पोचली की काम होतं.

म्हणजे एकाच शौचाचे दोन भाग होतात. नळी थंड, डबी थंड नाही. बर्फात दोन्ही एकत्र घातलं की डबीतला अमिबा गेला. दोन्ही खिशात घेऊन उन्हातनं फिरलात तर नळीचंही अवघड.

अण्णा_टिळकवाडी
ठीक आहे, फ्रीजचं मागे घेतो. पण मटण बंदचं तर बरोबर आहे ना? माझ्या रिपोर्टच्या वेळी तीन दिवस बंद होतं, मुळ्याची भाजीसुद्धा बंद.

सूक्ष्मजंतू
ते शौचातलं लपलेलं रक्त शोधायच्या जुन्या पद्धतीच्या तपासणीचं पथ्य आहे, अण्णा. त्या कागदावर मटणातलं रक्त आणि मुळ्यातला एक घटक दोन्ही खोटा रंग आणू शकतात. आता पुष्कळ ठिकाणी फक्त माणसाचंच रक्त ओळखणारी पद्धत वापरतात, तिला हे पथ्य लागत नाही. आणि इथं रक्त डोळ्यांना दिसतंच आहे, लपलेलं कुठलं शोधायचं? वडिलांना पचेल ते खाऊ द्या.

बंद काय हवं ते सांगतो. एरंडेल किंवा पातळ पॅराफिनचं औषध देऊन नमुना काढू नका. तेलाचे थेंब काचपट्टीभर पसरतात आणि त्यांच्यात सिस्ट शोधणं म्हणजे शिक्षाच. बेरियमचा एक्स-रे झाला असेल तर आठ-दहा दिवस थांबा. आणि आता मुख्य प्रश्न: गोळ्या सुरू केल्यात का?

मलप्रभाकाठ
इथंच घोडं अडलंय. डॉक्टरकडे जायच्या आधी मेडिकलमधून नॉरफ्लॉक्स-टिनिडाझोलच्या चार गोळ्या झाल्या. दोन दिवस. डॉक्टरांना सांगायचं राहिलं.

काचपट्टी
अरेरे. त्या एका गोळीत दोन औषधं असतात, एक जिवाणूंवर आणि एक अमिबावर. म्हणजे दोन्ही तपासण्यांवर एकदम पाणी पडू शकतं. माझं मत, दोन आठवडे थांबून नमुना द्या. आत्ता दिलात आणि काही आढळलं नाही, तर त्या "नाही"चा अर्थ कुणालाच लावता येणार नाही.

सूक्ष्मजंतू
इथं मी सहमत नाही. दोन आठवडे थांबणं हे बरं वाटत असलेल्या, जंत-सिस्ट बघायच्या पेशंटसाठी ठीक आहे. हे ६८ वर्षांचे, दहा दिवस रक्त पडतंय. आजच नमुना घ्या, फॉर्मवर गोळीचं नाव, किती झाल्या आणि शेवटची कधी घेतली ते लिहा, आणि डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. गोळ्या चालू ठेवायच्या की बंद, हे त्यांनी ठरवायचं, धाग्यानं नाही. दोन दिवसांच्या औषधानंतरही कधी कधी सापडतं. नाहीच सापडलं तर अमिबाच्या अँटिजेनची तपासणी डॉक्टर लिहू शकतात.

काचपट्टी
अँटिजेनही औषधानंतर निगेटिव्ह येऊ लागतं. पण वय आणि रक्त बघता थांबू नये हे मान्य. रिपोर्ट "नाही" आला तर त्यावर विसंबू नका एवढंच माझं म्हणणं.

निपाणकर
आमच्याकडं वेगळाच प्रश्न. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. पण योजनेचं कार्ड कर्नाटकचं, म्हणून माणसं बेळगावला धावतात. नमुन्याला कार्ड नसतं, त्याला फक्त घड्याळ असतं. डॉक्टरला विचारून जवळच्या गावात ताजा नमुना द्यावा.

बरं, डबीवर नाव कुठल्या भाषेत लिहायचं? कन्नड, मराठी का इंग्रजी?

कडोलीचा_पोरगा
झालं, आता १९५६ पासून सुरू करा.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. इथं शौचाचंच चालू द्या.

काचपट्टी
प्रश्न खरा आहे पण. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाव ज्या लिपीत आणि ज्या स्पेलिंगमध्ये आहे, तेच डबीवर उतरवा. चिठ्ठीवर एक आणि डबीवर दुसरं असलं की काउंटरवर नमुना अडतो, आणि तोवर अमिबा वाट बघत नाही. नाव, वय, तारीख आणि शौच किती वाजता झालं ते लिहायचं. लिहायचं डबीच्या अंगावर, झाकणावर नाही. टेबलावर दहा झाकणं एकदम उघडली की कुठलं झाकण कुठल्या डबीचं ते देवालाच ठाऊक. पेन पाण्यानं न पुसणारं घ्या.

हलशीची_सून
डबीत घ्यायचं कसं ते कुणी बोललंच नाही. खरी अडचण तिथंच. भारतीय संडासाच्या भांड्यात पाणी असतं, कमोडमध्ये तर पडतंच पाण्यात.

काचपट्टी
पाण्यात पडलेलं उचलायचं नाही. पाण्यानं अमिबा फुटतो, आणि टाकीच्या पाण्यात स्वतःचे जीव असतात, ते काचपट्टीवर येऊन गोंधळ घालतात. लघवी मिसळली तरी अमिबा मरतो. म्हणून आधी लघवी करून घ्यायची, मग पुढचं.

घरी एक रुंद प्लॅस्टिकचं टोपलं किंवा बेडपॅन ठेवा. साध्या पाण्यानं धुवून पूर्ण कोरडं केलेलं. फिनेल, डेटॉल, साबण यांचा अंशही नको, ते मारायलाच बनवलेत. लॅबच्या संडासात टोपलं नसेल तर भांड्यावर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी आडवी पसरून त्यावर घ्या. डबीच्या झाकणाला आतून चमचा असतो, त्यानंच उचला. आणि कुठला भाग उचलायचा हे महत्त्वाचं: आव, रक्त, चिकट दिसेल तो. वरवरचं पिवळं पाणी भरून दिलं तर सापडायचं ते टोपल्यातच राहतं.

घट्ट असेल तर आवळ्याएवढं पुरे. पातळ असेल तर दोन-तीन चमचे. डबी तिसऱ्या हिश्शाच्या वर भरू नका. काठोकाठ भरून उन्हात ठेवलेल्या डबीत वायू साठतो, आणि उघडणाऱ्याच्या अंगावर झाकण उडतं. उघडणारा मी असतो, म्हणून कळकळीनं सांगतोय.

कडोलीचा_पोरगा
शेतातनं, मातीवरून उचललं तर?

काचपट्टी
नको. मातीत स्वतंत्र राहणाऱ्या बारीक अळ्या असतात, त्या मायक्रोस्कोपखाली आतड्यातल्या जंताच्या अळीसारख्या दिसतात. नसलेला जंत रिपोर्टवर येईल. दोन दिवस घरात गरमीत ठेवलेल्या डबीतही असाच घोटाळा होतो. अंकुशकृमीची अंडी डबीतच फुटून अळ्या बाहेर येतात, आणि त्या दुसऱ्याच जंताच्या म्हणून लिहिल्या जायचा धोका असतो.

गवळीबुवा
म्हणजे शेण पण जमिनीवरनं उचलायचं नाही काय?

सूक्ष्मजंतू
बरोबर पकडलंत. जनावराचं आतूनच घेतात. हातमोजा किंवा स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून, आणि ती पिशवीच उलटी करून गाठ मारतात. ते काम पशुवैद्याकडून करून घ्या. जंतांच्या अंड्यांसाठी असेल तर थंड ठेवलेलं चालतं. घरच्या फ्रीजमध्ये मात्र नको, बोंबलतील ते बरोबरच आहे.

अण्णा_टिळकवाडी
मग माणसाचं घट्ट शौच फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर? तेही घरचाच फ्रीज की.

सूक्ष्मजंतू
डबी बंद पिशवीत, ती पिशवी झाकणाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात आणि वर चिठ्ठी. फ्रीजरमध्ये कधीच नाही. गोठलं की सिस्ट बिघडतात. नेतानाही बर्फ डबीला चिकटून नको, मध्ये वर्तमानपत्राच्या चार घड्या घाला.

कडोलीचा_पोरगा
चिठ्ठी नक्की लावा. तो स्टीलचा डबा कुंद्याचा असला आणि पाहुणे आले तर बेळगावचं नाव जाईल.

निपाणकर
वडापमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलात तर डबी पायाशी ठेवू नका. खाली इंजिन असतं, बूड भाजतं. पिशवी मांडीवर, सावलीत. आणि चिठ्ठी त्याच पिशवीत नको. डबी गळली तर कागद कुणी हातात घेत नाही.

हलशीची_सून
तीन नमुन्यांचं राहिलं. आणि लहान बाळाचं डायपरमधलं चालतं का?

काचपट्टी
तीन नमुने एका दिवशी तीनदा नव्हे. एक दिवसाआड, दहा दिवसांच्या आत. सिस्ट आणि अंडी रोज सारखी पडत नाहीत, एखाद्या दिवशी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, म्हणून दिवस पसरवायचे. मलप्रभाकाठ, तुमचा पहिला नमुना ताजाच हवा. औषधानं शौच बांधून आलं तर पुढचे दोन फ्रीजमधून आणले तरी चालतील. तेव्हा वडिलांना आणायची गरज नाही.

डायपर पातळ शौच शोषून घेतं आणि हवं ते सगळं कापसात जातं. डायपरच्या आत प्लॅस्टिकची पातळ शीट घाला, किंवा डायपर उलटा बांधा, म्हणजे प्लॅस्टिकची बाजू अंगाकडे येते. त्या वेळेपुरतं मलम लावू नका.

मलप्रभाकाठ
डॉक्टरांशी बोललो. गोळ्या तूर्त थांबवायला सांगितल्यात. उद्याच नमुना द्या म्हणाले, आणि रक्त वाढलं किंवा लघवी कमी झाली तर थेट दवाखान्यात आणा. खानापुरात काचपट्टी लगेच बघतो म्हणालेत. कल्चरची नळी इथं नाही, म्हणून भाऊ आज बेळगावहून घेऊन येतोय. उद्या सकाळी वडिलांना खानापुरात चहा पाजतो. डबी हातोहात तिथंच, काडी नळीत, नळी बर्फाच्या पिशवीत वर्तमानपत्र गुंडाळून, आणि भाऊ ती घेऊन बेळगावला. फॉर्मवर चार गोळ्या आणि शेवटची परवा रात्री, असं लिहिलंय. काही सुटलं का?

सूक्ष्मजंतू
नळीवरची एक्सपायरी बघून घ्या. जेली सुकून काचेपासून सुटलेली असेल तर दुसरी मागा. आणि काडीवर शौच दिसलं पाहिजे. नुसती ओली झालेली काडी नको.

काचपट्टी
चहा झाल्यावर वडिलांना जरा फिरवा. आणि हो, तुम्ही आणि भाऊ, दोघांनीही नंतर हात साबणानं धुवा, मगच उरलेला चहा.

गवळीबुवा
पशुवैद्य उद्या येतो म्हणाला. पिशवी मीच आणायची की तो आणतो?